समन्वयकाचा राजीनामा : पत्र एका पानाचं, काम तीन महिन्यांचं

अंध विद्यार्थी परीक्षेला बसतो तेव्हा तो सांगेल ते उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवणारा माणूस त्याच्या शेजारी लागतो. नियमांच्या भाषेत तो ‘लेखनिक’, विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘रायटर’. हे रायटर बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात: कॉलेजची मुलं, रजा टाकून येणारे नोकरदार, निवृत्त शिक्षक, घर सांभाळणाऱ्या गृहिणी. कुणाला कोणता पेपर, कोणतं केंद्र, कोणती वेळ, ही जुळवाजुळव करणारी एक व्यक्ती अशा प्रत्येक संस्थेत असते. ती बहुधा विनामोबदला काम करते आणि संस्थेच्या कार्यालयापेक्षा तिचाच फोन नंबर जास्त लोकांना पाठ असतो.

पुण्यातल्या अशाच एका छोट्या संस्थेच्या समन्वयक गेल्या वर्षी सात वर्षांनी बाजूला झाल्या. विद्यार्थी आणि स्वयंसेवक त्यांना ताई म्हणतात. त्यांच्याच इच्छेनुसार इथेही तेवढंच म्हणू. त्या गेल्यानंतरच्या हंगामात एकही पेपर रायटरविना राहिला नाही. सामाजिक संस्थांमधून माणसं येतात-जातात, त्यात नवल नाही. पण जाणाऱ्या माणसाबरोबर कामही निघून जातं, असा अनुभव फार जणांना आहे. इथे तसं का झालं नाही, ते पाहण्यासारखं आहे.

एका पेपरमागे काय काय असतं

ताईंकडे होतं तरी काय, हे कळल्याशिवाय त्यांनी सोपवलं काय ते कळणार नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला तासामागे किमान वीस मिनिटं जादा वेळ दिला होता. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि केंद्रावर आधी पोचण्याचा अर्धा-पाऊण तास धरला, तर स्वयंसेवकाचे सहा तास सहज जातात. ‘अर्धा दिवस रजा टाकून येतो’ म्हणणाऱ्या नव्या माणसाला हे आधीच सांगावं लागतं. नाहीतर तो साडेतीन तासांनी घड्याळाकडे बघायला लागतो आणि विद्यार्थी शेवटचा प्रश्न घाईत उरकतो.

त्याच सूचनांप्रमाणे उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला, तर लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचं असावं लागे. त्यामुळे सर्वांत हुशार, सर्वांत हौशी स्वयंसेवक नेमका दारावर अडतो. एम. कॉम. झालेल्या बाई बारावीच्या पेपरला मनापासून येतात आणि केंद्रप्रमुख त्यांना परत पाठवतात. दर परीक्षेचे नियम थोडे वेगळे असतात, कॉलेजांचे अर्ज वेगळे असतात, केंद्राच्या सूचनाही अधूनमधून बदलतात. कुठे लेखनिक दुसऱ्या शाखेचाच हवा म्हणतात, कुठे ओळखपत्राबरोबर गुणपत्रिकेची प्रतही मागतात.

हे झालं कागदावरचं. कागदावर नसलेलं त्याहून जास्त. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला देवनागरी लिहिता येते, पण मराठी साहित्याचा पेपर सांगण्याच्या वेगाने लिहिता येत नाही. एखादे निवृत्त सर अक्षर सुंदर काढतात. पण विद्यार्थी चुकीचं सांगतोय असं वाटलं की थांबतात, ‘नक्की ना?’ असं विचारतात, आणि परीक्षेच्या खोलीत तो एक शब्दसुद्धा मदत ठरू शकतो. कुणी सकाळी नातवाला शाळेत सोडतात, त्यांना दुपारचेच पेपर द्यायचे. एका विद्यार्थिनीला अनोळखी पुरुष रायटर नको असतो. ती ते तोंडाने सांगत नाही, फक्त ‘कुणी ताई नाहीत का?’ एवढंच विचारते. यादीत अडीचशे नावं होती. ऐन वेळी फोन उचलून ‘येतो’ म्हणणारी पन्नास-साठ. ती कोणती, हे यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ताईंच्या डोक्यात होतं.

पत्र

ताईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात विश्वस्तांना पत्र दिलं. त्यांच्या परवानगीने त्यातला मजकूर इथे देत आहे.

*मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ,*

*स. न. वि. वि.*

*लेखनिक विभागाची समन्वयक म्हणून मी सात वर्षं काम पाहत आहे. ३१ ऑगस्टनंतर या जबाबदारीतून मला मोकळं करावं, ही विनंती.*

*कारणं दोन. घरी सासूबाईंचं आजारपण आहे. सकाळी त्यांच्याजवळ कुणीतरी असावं लागतं आणि परीक्षेच्या दिवसांत नेमकं सकाळीच मला फोनवर असावं लागतं. दोन्ही नीट होत नाही. दुसरं, विभागाचं सगळं काम माझ्या एकटीच्या फोनवर चालतं. हे संस्थेच्या हिताचं नाही आणि मी आहे तोवर ते बदलेल असं मला वाटत नाही.*

*जूनअखेर यादी, अर्जांचे नमुने आणि कामाची वही लिहून देईन. जुलैत नव्या व्यक्तीला सोबत घेऊन काम करीन. ऑगस्टमध्ये काम त्यांनी करावं, मी सोबत असेन. सप्टेंबर ते डिसेंबर दर रविवारी सकाळी दहा ते अकरा फोनवर असेन. त्यानंतर नाही.*

*ऑक्टोबरनंतरच्या परीक्षांसाठी मी कुणालाही शब्द दिलेला नाही. प्रवासखर्चाचे ३,४६० रुपये माझ्याकडे शिल्लक आहेत. ते हिशेबासह जमा करते.*

*विद्यार्थ्यांचे फोटो देणगीच्या पत्रकांवर छापण्याबद्दलचं माझं मत मी बैठकीत मांडलं आहे. त्याची इतिवृत्तात नोंद असावी, एवढीच विनंती.*

*कळावे, लोभ असावा.*

पत्र छोटं आहे, पण त्यातलं एकही वाक्य उगाच आलेलं नाही. पहिल्याच परिच्छेदात तारीख आहे. ‘लवकरच’, ‘शक्य होईल तेव्हा’, ‘पर्यायी व्यवस्था झाल्यावर’ असे शब्द त्यात नाहीत. पर्यायी व्यवस्था झाल्यावर जाईन म्हणणारा समन्वयक सहसा जातच नाही, कारण तो आहे तोपर्यंत पर्याय शोधायची कुणालाच घाई नसते. तारीख पडली की विश्वस्तांना बैठक बोलवावी लागते.

कारणांबद्दल ताईंनी बराच विचार केला होता. सामाजिक कामातून निघताना लोक दोन टोकं गाठतात. काही जण ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच लिहितात. मग मागे कुजबुज सुरू होते: पैशांचं काही झालं का, भांडण झालं का? काही जण सात वर्षांचा सगळा हिशेब त्या एका पत्रात चुकता करतात. ताईंनी घरचं कारण तपासता येईल इतकं स्पष्ट लिहिलं, पण आजाराचं नाव लिहिलं नाही. ते सासूबाईंचं खासगी. दुसरं कारण संस्थेबद्दलचं होतं, पण त्यात ठपका स्वतःच्या कामाच्या पद्धतीवर होता. आणि तिसरी गोष्ट, मतभेदाची, त्यांनी कारणांत घातलीच नाही.

फोटोंवरून खरंच वाजलं होतं. देणगीसाठी काढलेल्या पत्रकावर विद्यार्थ्यांचे चेहरे छापावेत असं काही विश्वस्तांना वाटत होतं. ज्याला तो फोटो दिसणार नाही त्याची संमती घेताना फोटोत काय आहे, तो कुठे जाणार आहे, हे त्याला समजावून सांगितलं पाहिजे, असा ताईंचा आग्रह होता. ‘मग त्या यावरूनच गेल्या का?’ असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘नाही. घरचं नसतं तर मी थांबले असते आणि भांडले असते. पण पत्रात ते पहिलं कारण म्हणून लिहिलं असतं तर पुढची सहा महिने सगळे फोटोंवरच बोलत बसले असते, रायटरचं कुणी बघितलं नसतं.’ मतभेद लपवायचा नाही, तो त्याच्या जागी, म्हणजे इतिवृत्तात, नोंदवायचा आणि पत्राचा विषय हस्तांतराचाच ठेवायचा, ही त्यांची रीत इतरांनीही उचलावी अशी आहे.

पैशांच्या वाक्याचंही तसंच. रक्कम किरकोळ आहे. पण स्वयंसेवकांना रिक्षाभाडं देण्यासाठी संस्थेने दिलेले पैसे ताईंच्या खासगी खात्यातून फिरत होते. अशा वेळी जाणाऱ्याने आकडा स्वतःहून सांगितला की पुढे कुणाला विचारावा लागत नाही.

जून का?

राज्य मंडळाच्या बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. विद्यापीठांच्या सत्र परीक्षा साधारण ऑक्टोबरपासून हिवाळाभर आणि पुन्हा उन्हाळ्यात. मधे जुलै-ऑगस्टात तुलनेने शांत असतं: पुरवणी परीक्षा, कॉलेजांच्या अंतर्गत चाचण्या, एखादी स्पर्धा परीक्षा. ताईंनी हेच दिवस निवडले. नव्या माणसाला हात बसवायला थोडे पेपर हवेतच. अजिबात काम नसलेल्या महिन्यात सोपवलेलं काम कागदावरच राहतं. आणि भर हंगामात सोपवलं, तर शिकवायला वेळ नसतो. जुना माणूस ‘राहू दे, मीच करते’ म्हणत सगळं पुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो.

प्रत्येक कामाचं असं कॅलेंडर असतं. रक्तदानाच्या गटाला उन्हाळ्यातला तुटवडा असतो, वाचनालयाला सुट्ट्यांची गर्दी असते. निघण्याचा दिवस त्यावरून ठरावा.

वहीत काय उतरलं

जूनमध्ये ताईंनी दोनशे पानी वही घेतली. संगणकावरची यादी होतीच. वहीत त्यांनी यादीत नसलेलं लिहिलं. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं, दोन-तीन संध्याकाळी पुरतील. पण आठवून लिहायला बसलं की काहीच सुचत नाही. मग त्यांनी उलटी पद्धत धरली. जो फोन येईल, तो ठेवल्यावर लगेच दोन ओळी: कोण होतं, काय विचारलं, मी काय ठरवलं आणि का. महिनाभरात वहीला आपोआप आकार आला.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहू. बी.ए.च्या एका विद्यार्थ्याचा अकराचा पेपर. दहा वाजता रायटरचा फोन: गाडी बंद पडली, पोचणं अशक्य. पूर्वी अशा वेळी ताई काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. ‘ताई बघतात’ एवढंच माहीत होतं. वहीत ते असं उतरलं आहे. आधी विद्यार्थ्याला फोन, कारण त्याला ही गोष्ट केंद्राच्या दारात कळता कामा नये. मग केंद्रावर फोन करून रायटर बदलत असल्याचं सांगायचं. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलू देण्याची तरतूद २०१८ च्या सूचनांत होती, तिची छापील प्रत विद्यार्थ्याच्या दप्तरात आधीपासून असायला हवी. त्यानंतर त्या भागात राहणाऱ्या तिघांना एकामागून एक फोन. गटावर संदेश टाकायचा नाही, कारण गटावर दहा जण ‘प्रयत्न करतो’ लिहितात आणि येत कुणीच नाही. जो येईल त्याला ओळखपत्र आणि शिक्षणाचा पुरावा घेतल्याची खात्री करूनच निघायला सांगायचं. आणि रात्री, गाडी बंद पडलेल्या स्वयंसेवकाला फोन करून पेपर नीट पार पडल्याचं कळवायचं. नाहीतर तो संकोचाने पुन्हा नाव देत नाही.

माणसांबद्दल लिहिताना मात्र ताई अडल्या. ‘हे काका बेभरवशाचे’ असं लिहायचं का? वही उद्या कुणाच्याही हाती पडेल. त्यांनी स्वतःला एक नियम घातला: ज्याच्याबद्दल लिहितोय त्याने ते वाचलं तरी चालेल असंच लिहायचं. मग ‘बेभरवशाचे’चं झालं ‘आदल्या रात्री आठवण करावी लागते, केली की नक्की येतात’. ‘फार बोलतात’चं झालं ‘पहिल्या पेपरआधी नियम पुन्हा समजावून सांगावेत’. नियम सौजन्याचा होता, पण त्याने माहितीही जास्त कामाची झाली. शेरा मारला तर नवीन समन्वयक त्या माणसाला टाळतो. काय केलं की काम होतं हे लिहिलं तर तो माणूस टिकतो.

नियमांच्या पानांवर प्रत्येक नोंदीपुढे तारीख आहे: ही सूचना अमुक महिन्यात अमुक परीक्षेसाठी पाहिली. सूचना बदलतात, आणि तारीख नसलेला नियम नवा माणूस कायमचा समजून बसतो. बेंचमार्क दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचे आणि ते नसूनही लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठीचे नियम वेगळे होते, हेही त्यात ठळक लिहिलं आहे. दुसऱ्या प्रकारच्या उमेदवारांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र सूचना काढल्या.

किल्ल्या कुणाच्या नावावर?

पूर्वी चार्ज द्यायचा म्हणजे कपाटाच्या किल्ल्या आणि फायली द्यायच्या. आता किल्ल्या फोनमध्ये असतात. स्वयंसेवकांनी नाव नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म ताईंच्या खासगी ईमेलवरून बनवलेला होता, यादीही तिथेच. व्हॉट्सॲप गटाच्या एकट्या ॲडमिन त्याच. एकटा ॲडमिन बाहेर पडला तर गटातलाच कुणीतरी आपोआप ॲडमिन होतो. तो संस्थेचं काम सांभाळणाराच असेल याची खात्री नाही. त्यामुळे आधी संस्थेच्या नावाने ईमेल उघडला, फॉर्म आणि यादीची मालकी तिकडे वळवली, गटात आणखी तीन ॲडमिन केले आणि संस्थेने स्वतंत्र सिमकार्ड घेतलं. पत्रकांवर, कॉलेजांच्या फलकांवर ताईंचा जो नंबर छापलेला होता, तो बदलणं हे सगळ्यांत चिवट काम ठरलं. जुनं पत्रक कुठल्या वसतिगृहाच्या भिंतीवर अजून आहे, हे कुणाला माहीत?

आणखी एक गोष्ट निघाली. सात वर्षांत स्वयंसेवकांनी पाठवलेल्या आधारच्या आणि गुणपत्रिकांच्या शेकडो प्रती ताईंच्या फोनमध्ये पडून होत्या. एका परीक्षेसाठी मागितलेला कागद परीक्षा झाल्यावर ठेवायचं कारण नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याचाही रोख हाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली, तेवढ्यापुरतीच ती वापरायची. ताईंनी त्या प्रती नव्या समन्वयकांना दिल्या नाहीत, पुसून टाकल्या. चार्ज देताना काय द्यायचं नाही, हेही ठरवावं लागतं.

समन्वयक विश्वस्तही असेल तर मामला वेगळा. सार्वजनिक न्यासात विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. बँकेत सही असेल तर ती बदलण्यासाठी ठराव लागतो. हे राहून गेलं की दोन-तीन वर्षांनी कधीच सोडून गेलेल्या माणसाच्या सहीसाठी त्याच्या दारात उभं राहायची वेळ येते. ताई विश्वस्त नव्हत्या, त्यामुळे त्यांचं काम पत्रावर भागलं.

कुणाला आधी, कुणाला नंतर

बातमी कुणाला कोणत्या क्रमाने कळते याला फार महत्त्व असतं. ताईंनी आधी विश्वस्तांना पत्र दिलं. त्यांचा होकार आल्यावर चार जुन्या स्वयंसेवकांना घरी बोलावून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी गटावर संदेश टाकला. मधे दिवस जाऊ दिला असता तर बातमी अर्धवट फिरली असती.

संस्थेतल्या एका उत्साही मुलाने निरोपाचं सुंदर रंगीत चित्र तयार केलं होतं: ताईंचा फोटो, खाली मजकूर, नव्या समन्वयकांचा नंबर. ताईंनी ते विद्यार्थ्यांना पाठवू दिलं नाही. अंध विद्यार्थी फोन वापरतात ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने. चित्रात गुंफलेली अक्षरं ते सॉफ्टवेअर नीट वाचेलच असं नाही. विद्यार्थ्याला कित्येकदा ‘फोटो’ एवढंच ऐकू येतं. म्हणून विद्यार्थ्यांसाठी साध्या मजकुराचा संदेश गेला, त्यात नवा नंबर अंकांत, आणि सोबत दोघींच्या आवाजातला एक छोटा ध्वनिसंदेश: आधी ताई बोलतात, मग नव्या समन्वयक. ज्याला चेहरा दिसत नाही त्याच्यासाठी ओळख आवाजानेच होते. जे विद्यार्थी दर सत्राला रायटर घेतात, त्यांना ताईंनी एकेकाला फोनही केला.

जागा कुणी घ्यायची

विश्वस्तांनी साहजिकच सर्वांत जास्त पेपर लिहिलेल्या स्वयंसेविकेचं नाव पुढे केलं. ताईंनी विरोध केला. चांगला रायटर चार तास शांत बसून दुसऱ्याचे शब्द लिहितो. समन्वयकाला त्याच चार तासांत वीस फोन करावे लागतात आणि पंधरा नकार हसत ऐकावे लागतात. ही दोन वेगळी माणसं असतात. शेवटी काम तिघांत वाटलं. एकीने मागण्या घ्यायच्या आणि अर्ज तपासायचे, दुसऱ्याने जोड्या लावायच्या, तिसरीने पेपरच्या दिवशी सकाळी फोनवर असायचं. पण विद्यार्थ्यांसाठी नंबर एकच. तिघांत वाटलेल्या कामाचा धोका हा की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने केलं असेल. त्यावर उपाय म्हणून जोडी पक्की झाल्याचा संदेश विद्यार्थ्याला गेल्याशिवाय मागणी ‘पूर्ण’ धरायची नाही असं ठरलं.

जुलैत ताई फोन करत आणि नवे लोक ऐकत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नवे लोक फोन करत आणि ताई शेजारी बसून गप्प राहत. गप्प राहणं अवघड गेलं, असं त्याच सांगतात. त्यानंतर त्यांनी मुद्दाम चार दिवस फोन बंद ठेवला. त्या चार दिवसांत एक चाचणी परीक्षा होती. एक रायटर चुकीच्या केंद्रावर गेला. नव्या लोकांनी वही उघडली, दोन फोन केले आणि निभावलं. ताईंना ते चौथ्या दिवशी कळलं. सूत्रं खरंच हलली का, हे जुना माणूस शेजारी असेपर्यंत कळत नाही. तो नसतानाच कळतं.

सप्टेंबरपासून रविवारचा तास सुरू झाला. एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की तो वहीत लिहायचा, असा दंडक होता. पहिल्या रविवारी तासभर पुरला नाही. नोव्हेंबरात दहा मिनिटांत बोलणं संपू लागलं.

विद्यार्थ्यांचे फोन मात्र जुन्याच नंबरवर येत राहिले. ताईंनी त्यासाठी एक वाक्य ठरवून ठेवलं: ‘मी आता हे काम बघत नाही, नंबर पाठवते, तिथे लगेच फोन कर.’ पेपर दोन तासांवर आला असेल तर नवा माणूस फोन उचलेपर्यंत लाइनवर थांबायचं, पण रायटर स्वतः शोधून द्यायचा नाही. हे कठोर वाटतं. पण एकदा जरी त्यांनी शोधून दिला असता तरी ‘ताईंना फोन केला की होतं’ ही बातमी वसतिगृहात पसरली असती आणि नव्या लोकांचा नंबर कुणी लावला नसता.

जिथे हे जमत नाही

प्रत्येकाला तीन महिने मिळत नाहीत. अपघात होतो, बदली होते, घरात कुणी अंथरुणाला खिळतं. तेव्हा किमान तीन गोष्टी एका बैठकीत होतात: येत्या पंधरा दिवसांत कुणाला शब्द दिला आहे त्याची यादी, फॉर्म-गट-खात्यांची मालकी दुसऱ्याकडे, आणि ऐन वेळी हमखास येणाऱ्या दहा माणसांची नावं. बाकीचं नंतर फोनवर सांगता येतं.

आणि कधी कधी घ्यायला कुणीच पुढे येत नाही. तेव्हा नव्या मागण्या घेणं थांबवून, शब्द दिलेले पेपर पुरे करून, विद्यार्थ्यांना दुसऱ्या संस्थेचा पत्ता देऊन काम रीतसर बंद करणं हेच योग्य. नाव चालू, फोन बंद अशी संस्था असण्यापेक्षा नसलेली बरी. तिच्या भरवशावर राहिलेल्या विद्यार्थ्याचं वर्ष जातं.

ताईंच्या जाण्यात एक उणीव राहिली आणि ती संस्थेची होती. हे सगळं त्यांनी स्वतःहून केलं. संस्थेच्या नियमांत समन्वयकाची मुदत, त्याच्या कामाचं वर्णन, चार्ज देण्याची पद्धत, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या समन्वयकाला सासूबाईंच्या आजारपणाची वाट बघावी लागू नये. विश्वस्तांनी मुदत तीन वर्षांची ठरवावी, दरवर्षी एक आठवडा समन्वयकाला सक्तीची सुट्टी द्यावी आणि त्या आठवड्यात काय अडलं ते लिहून ठेवावं. तुम्ही एखाद्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. आणि समन्वयक असाल, तर संस्थेचा फॉर्म कुणाच्या ईमेलवर आहे ते आजच पाहा.